पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर: यूटीआर घेऊन एनईएफटी-आरटीजीएसचा माग कसा काढायचा

शनिवारी दुपारी भाचीचा पुण्याहून फोन आला. "मामा, काल संध्याकाळी बाबांच्या खात्यात पंच्याऐंशी हजार पाठवले. माझ्या खात्यातून गेले, ॲपवर 'सक्सेसफुल' दिसतंय. बाबा सकाळी बँकेत जाऊन आले, तिथे म्हणतात आलेच नाहीत. सोमवारी मिरजेला दवाखान्यात पैसे भरायचेत."

मी एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात बरीच वर्षं रेमिटन्स विभागात काम केलं. बाहेरच्या बँकांतून आलेले पैसे ज्या टेबलावर उतरायचे, त्या टेबलावर मी बसत असे. त्यामुळे अशा फोनवर मी पहिला प्रश्न ठरलेला विचारतो: यूटीआर नंबर काय आहे? भाचीने ॲपमधून एक दहा आकडी नंबर वाचून दाखवला. तो यूटीआर नव्हता. बहुतेकांची पहिली अडचण इथेच होते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी योग्य नंबर शोधा

यूटीआर म्हणजे त्या एका व्यवहाराला मिळालेली स्वतंत्र ओळख. पाठवणारी बँक, रिझर्व्ह बँकेची यंत्रणा आणि घेणारी बँक, तिघांकडे तो व्यवहार याच नंबराने नोंदलेला असतो. ॲप पैसे पाठवताना स्वतःचाही एक नंबर दाखवतं. त्याला कुठे 'ट्रान्झॅक्शन आयडी' म्हणतात, कुठे 'रेफरन्स नंबर'. हा नंबर फक्त तुमच्या बँकेच्या उपयोगाचा असतो. तो घेऊन समोरच्या बँकेत गेलात तर तिथला कारकून तुम्हाला मदत करूच शकत नाही, कारण त्याच्या संगणकात तो नंबर कुठेच नसतो.

खरा यूटीआर खात्याच्या स्टेटमेंटमध्ये मिळतो. पैसे वजा झाल्याच्या ओळीत 'तपशील' किंवा `Narration` असा रकाना असतो, त्यात `NEFT` किंवा `RTGS` या शब्दाशेजारी अक्षरं आणि आकडे मिसळलेला एक लांब नंबर दिसतो. तोच तो. पैसे कापल्याच्या एसएमएसमध्येही तो बहुधा असतो. शाखेत फॉर्म भरून पैसे पाठवले असतील तर काउंटरवर मागा. पावतीवर लिहून देणं त्यांना काहीच अवघड नाही.

मग त्याची अक्षरं मोजा. हे पोरकट वाटेल, पण मोजल्यावर अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा २२ अक्षरांचा. तुमच्या हातात नुसता १२ आकडी नंबर असेल तर ते पैसे बहुधा यूपीआय किंवा आयएमपीएसने गेलेत. त्यांची यंत्रणा वेगळी, तक्रारीची वाटही वेगळी, आणि हा लेख त्यांच्यासाठी नाही.

आरटीजीएसचा यूटीआर तर वाचताही येतो. हा एक नमुना, बँकेचा कोड मनाने घातलेला:

```
ABCDR52025061400001234
```

पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची. मग `R` म्हणजे आरटीजीएस. त्यानंतरचं एक चिन्ह व्यवहार कोणत्या मार्गाने आला ते सांगतं. पुढचे आठ आकडे म्हणजे तारीख, इथे १४ जून २०२५. शेवटचे आठ आकडे अनुक्रमांक. कुणी तुम्हाला "कालच पाठवले" म्हणून आरटीजीएसचा यूटीआर दिला आणि त्यातली तारीख चार दिवसांपूर्वीची असेल, तर ते तिथल्या तिथे कळतं. एनईएफटीच्या १६ अक्षरांची मांडणी मात्र सगळ्या बँकांची सारखी नसते, त्यामुळे त्यातून अर्थ काढत बसू नका. जसाच्या तसा उतरवून घ्या. शून्य आणि इंग्रजी `O`, एक आणि `I` यांत गल्लत होते, म्हणून हाताने लिहिण्यापेक्षा कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवलेलं बरं.

भाचीने स्टेटमेंट उघडलं, १६ अक्षरं मोजली आणि नंबर मला पाठवला. आता कामाला लागता येत होतं.

उशीर झालाय हे कधी म्हणायचं

एनईएफटीचे पैसे एकेकटे जात नाहीत. दर अर्ध्या तासाला एक बॅच निघते, दिवसभरात ४८. पहिली रात्री साडेबाराला, शेवटची मध्यरात्री बाराला. तुम्ही ज्या वेळी पैसे पाठवता त्यानंतरच्या बॅचमध्ये ते बसतात. त्या बॅचचा हिशोब रिझर्व्ह बँकेकडे मिटला की घेणाऱ्या बँकेला दोन तास मिळतात. या दोन तासांत तिने पैसे खात्यात जमा करायचे, आणि काही कारणाने जमा करता येत नसतील तर त्याच दोन तासांत परत पाठवायचे. ठेवून घ्यायची परवानगी नाही.

भाचीने शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी पैसे पाठवले होते. म्हणजे सातची बॅच. म्हणजे रात्री नऊपर्यंत ते बाबांच्या खात्यात तरी दिसायला हवे होते, नाहीतर परतीच्या वाटेवर तरी. शनिवार दुपारपर्यंत दोन्ही झालं नव्हतं, म्हणजे उशीर निश्चित.

"शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेत ना, मग सोमवारी बघू" असं शाखेत सांगतात. पूर्वी ते खरं होतं, आता नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून रोज, चोवीस तास चालतात. रविवार असो, दिवाळी असो, शाखेचं शटर खाली असो, बॅच निघते आणि दोन तासांची अट लागू राहते. शाखा उघडी नव्हती हे विचारपूस लांबण्याचं कारण होऊ शकतं, पैसे अडकण्याचं नाही.

पहिला फोन आपल्याच बँकेला

घाबरलेला माणूस आधी पैसे जिथे पोचायला हवेत तिथे धावतो. मी उलटं सांगतो. आधी पाठवणाऱ्या बँकेला विचारा, कारण पैसे तिथून निघालेत की नाहीत हेच अजून आपल्याला माहीत नसतं. ॲपवर 'सक्सेसफुल' दिसणं म्हणजे तुमची सूचना बँकेने स्वीकारली, तुमच्या खात्यातून रक्कम वजा केली. पलीकडे जमा झाली असं ते सांगत नाही. शाखेत फॉर्म देऊन पाठवलेल्या पैशांत तर असंही होतं की एका कर्मचाऱ्याने नोंद केली आणि दुसऱ्याने मंजुरी द्यायची राहिली. अशा वेळी पैसे इमारतीबाहेर पडलेलेच नसतात.

एनईएफटीच्या अशा चौकशीसाठी प्रत्येक बँकेत ग्राहक सुविधा केंद्र असतं. त्याचे फोन आणि ईमेल बँकेच्या संकेतस्थळावर असतात, रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरही सगळ्या बँकांची यादी आहे. तिथे बोलताना "माझे पैसे कुठे गेले" असं विचारलं की "मॅडम, इथून गेलेत" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून भाचीला मी तीन प्रश्न लिहून दिले.

हा यूटीआर कोणत्या बॅचमध्ये गेला आणि त्या बॅचचा हिशोब मिटला का? समोरच्या बँकेकडून तो परत आला आहे का? आणि जमा झाल्याची पोच आली आहे का?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. एनईएफटीत घेणारी बँक खात्यात पैसे जमा केल्यावर पाठवणाऱ्या बँकेला तशी पोच पाठवते. बँकेच्या भाषेत तिला `N10` संदेश म्हणतात. तुमच्या मोबाईलवर "अमुक क्रमांकाचा व्यवहार लाभार्थीच्या खात्यात अमुक वेळी जमा झाला" असा एसएमएस येतो, तो याच पोचेवरून. हा एसएमएस पैसे कापल्याच्या एसएमएसपेक्षा वेगळा असतो. लोक या पोचेच्या एसएमएसकडे लक्ष देत नाहीत, आणि पैसे कापल्याच्या एसएमएसलाच पोच समजून निश्चिंत होतात.

तीन प्रश्नांची उत्तरं एकत्र वाचली की पुढचं दार कोणतं ते कळतं. बॅचच मिटलेली नसेल तर अडचण आपल्याच बँकेत. व्यवहार परत आला असेल तर पैसे आपल्या खात्यात उलटे येणार, आणि परतीचं कारणही कळणार. बॅच मिटली, पोचही आली, तरी समोरचा "नाहीत" म्हणतोय, तर बहुधा ते दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात जमा झालेत. त्यावर पुढे बोलतो. आणि बॅच मिटली, परत आला नाही, पोचही नाही, असं असेल तर पैसे घेणाऱ्या बँकेच्या ताब्यात आहेत पण खात्यात नाहीत.

भाचीला हेच शेवटचं उत्तर मिळालं. पोच `N10` आलेली नव्हती.

घेणाऱ्या बँकेत कोणी जायचं आणि काय विचारायचं

पैसे पाठवणाऱ्याने समोरच्या बँकेला फोन केला तर ती फार काही सांगत नाही. तुम्ही तिचे ग्राहक नाही, आणि दुसऱ्याच्या खात्याची माहिती देणं तिला मनाई आहे. त्यात चिडण्यासारखं काही नाही, तुमच्या खात्याची माहितीही ती अशीच सांभाळते. म्हणून तिथे खातेदाराने जायचं, पासबुक आणि ओळखपत्र घेऊन. पाठवणाऱ्याने त्याच वेळी आपल्या बँकेमार्फत समोरच्या बँकेला लेखी विचारणा करायला लावायची. दोन्ही टोकांकडून एकदम ओढलं की गाठ लवकर सुटते.

आमचे दाजी शनिवारी सकाळी शाखेत गेले होते ते असं विचारून, की "माझ्या खात्यावर पैसे आलेत का?" कारकुनाने खातं उघडलं, पाहिलं, नाही म्हणाला. त्याने खोटं सांगितलं नाही. प्रश्न खात्याबद्दल होता, उत्तरही खात्याबद्दलच मिळालं. पण पैसे बँकेत आले असतील आणि खात्यापर्यंत पोचले नसतील तर खातं उघडून ते कधीच दिसणार नाहीत. ते पाहायचं तर बाहेरून आलेल्या व्यवहारांच्या यादीत यूटीआर टाकून शोधावं लागतं. या यादीला बँकेत 'इनवर्ड' म्हणतात.

म्हणून मी दाजींना परत पाठवलं आणि विचारायचं वाक्य पाठ करून घेतलं: "या यूटीआरचा इनवर्ड आपल्या बँकेत आला आहे का, आणि आला असेल तर तो कुठे पडला आहे?" पुढचा प्रश्न असा: "इनवर्ड इथे दिसत नसेल तर मुख्य कार्यालयात कोणाला विचारू?"

आपल्या महाराष्ट्रात हा दुसरा प्रश्न फार कामाला येतो. लहान नागरी सहकारी बँका बऱ्याचदा रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेला थेट जोडलेल्या नसतात. त्या एखाद्या मोठ्या बँकेचा हात धरून एनईएफटी करतात. या मोठ्या बँकेला प्रायोजक बँक म्हणतात. हे ओळखायची खूण सोपी आहे. पासबुकावरचा आयएफएससी कोड बघा. ११ अक्षरांचा असतो, त्यातली पहिली चार बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची. बँक तुमच्या तालुक्याची आणि पहिली चार अक्षरं मात्र देशभर पसरलेल्या एखाद्या बँकेची, असं दिसलं की समजायचं, मधे प्रायोजक आहे. अशा वेळी पैसे आधी प्रायोजक बँकेत उतरतात, तिथून फाइलने सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात येतात, आणि मग शाखेच्या खात्यात. मधल्या या दोन टप्प्यांपैकी कुठेही ते थांबू शकतात, आणि शाखेतल्या माणसाला त्यातलं काहीच दिसत नाही. तो "आमच्याकडे नाही" म्हणतो ते त्याच्या पडद्यापुरतं अगदी खरं असतं.

दाजींचं खातं अशाच बँकेत होतं. शाखा व्यवस्थापकांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला, यूटीआर वाचून दाखवला, आणि पंधरा मिनिटांत उत्तर आलं. प्रायोजक बँकेकडून शुक्रवारी रात्रीच नोंद आली होती. पण तीवर लिहिलेल्या क्रमांकाचं खातं संगणकाला सापडलं नाही, म्हणून ती 'न जुळलेल्या' नोंदींच्या यादीत पडून होती. ही यादी रोज कोणीतरी उघडून एकेक नोंद एकतर निकाली काढायची किंवा परत पाठवायची असते. शुक्रवारी रात्री ते काम कोणी केलं नाही, शनिवारी सकाळीही नाही. मी त्या टेबलावर बसलो आहे, तिथे माणूस कमी असतो हे मला ठाऊक आहे. तरीही हे चूकच आहे. त्या यादीतल्या प्रत्येक ओळीमागे कोणीतरी पैशांची वाट बघत असतं.

क्रमांक का जुळला नाही

दाजींच्या बँकेने मधल्या काळात संगणक प्रणाली बदलली होती. सगळ्या खात्यांना नवे, लांब क्रमांक मिळाले होते. दाजींनी नवं पासबुक घेतलं होतं, पण भाचीच्या ॲपमध्ये लाभार्थी म्हणून जुनाच क्रमांक साठवलेला होता. दोन वर्षांत तिने त्या खात्यावर पैसे पाठवलेच नव्हते, त्यामुळे कधी कळलं नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एनईएफटी आणि आरटीजीएसचे पैसे फक्त खाते क्रमांकावर जमा होतात. तुम्ही लाभार्थीचं नाव कितीही अचूक लिहा, पैसे जमा करताना बँक ते जुळवून पाहायला बांधील नाही. क्रमांक बरोबर लिहिण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. म्हणून चुकीचा क्रमांक कोणाचाच नसेल तर आपलं नशीब चांगलं, कारण पैसे परत येतात. एखादा आकडा चुकून तो क्रमांक दुसऱ्या खातेदाराचा निघाला तर पैसे त्याच्या खात्यात जमा होतात आणि `N10` पोचही व्यवस्थित येते. मग तो उशीर राहत नाही. त्या माणसाच्या संमतीशिवाय बँक ती रक्कम सहसा काढून घेत नाही, आणि प्रकरण लेखी तक्रारीचं, प्रसंगी पोलिसांचंही होतं. यासाठीच १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी एनईएफटी-आरटीजीएस करताना लाभार्थीचं नोंदलेलं नाव दाखवण्याची सोय द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आला. ती मोफत आहे. जुने साठवलेले लाभार्थीही एकदा तिच्यातून तपासून घ्या. भाचीने तपासलं असतं तर शुक्रवारीच कळलं असतं.

परतीची आणखी कारणं असतात. खातं बंद झालेलं असतं, किंवा गोठवलेलं. कधी ते पूर्ण केवायसी न केलेलं छोटं खातं असतं. अशा खात्यात शिल्लक ५० हजारांच्या वर जाऊ शकत नाही आणि वर्षभरात एकूण एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. शेतमजुराच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईंच्या खात्यावर मोठी रक्कम पाठवताना हे ध्यानात ठेवा. क्रमांक बरोबर, नाव बरोबर, तरी पैसे परत येतात आणि कोणालाच कारण उमजत नाही. परदेशात राहणाऱ्या भावाच्या एनआरई खात्यात इथल्या बचत खात्यातून पैसे पाठवले तर तेही परत येतात. त्यासाठी त्याचं एनआरओ खातं लागतं.

लिहून द्या

क्रमांक न जुळण्याचं कारण कळल्यावर व्यवस्थापक म्हणाले, "सोमवारी परत पाठवू." मी दाजींना म्हटलं, तोंडी नको, अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. अर्ज एवढाच होता:

> प्रति, शाखा व्यवस्थापक
>
> विषय: एनईएफटीने आलेली रक्कम जमा न होणे व परत न जाणे
>
> महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते क्र. ____ आहे. माझ्या मुलीने दि. ____ रोजी सायं. ६.४० वा. ____ बँकेतून रु. ८५,०००/- एनईएफटीने पाठवले. यूटीआर क्र. ____. पाठवणाऱ्या बँकेच्या माहितीनुसार हा व्यवहार सायं. ७ च्या बॅचमध्ये आपल्या बँकेकडे आला असून तो परत आलेला नाही व जमा झाल्याची पोचही मिळालेली नाही.
>
> कृपया सदर व्यवहाराची सद्यस्थिती लेखी कळवावी, रक्कम तातडीने पाठवणाऱ्या बँकेकडे परत करावी, आणि विलंबाच्या काळाची भरपाई रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार द्यावी.

सोबत भाचीच्या स्टेटमेंटमधल्या त्या एका ओळीची प्रत जोडली. पूर्ण स्टेटमेंट द्यायची गरज नसते, बाकीच्या ओळी झाकून टाका.

हाच मजकूर भाचीने आपल्या बँकेला ईमेलने पाठवला. बँकेने तक्रार क्रमांक दिला. तो जपून ठेवावा, कारण पुढची प्रत्येक पायरी त्याच्यावर चढते.

आणि सोमवारच्या दवाखान्याचं काय? भाची त्याच खात्यावर पुन्हा पैसे पाठवायला निघाली होती. मी थांबवलं. पहिली रक्कम का अडकली ते कळण्याआधी त्याच वाटेने दुसरी सोडली तर तीही तिथेच जाऊन बसते. तिने दवाखान्याच्या खात्याचा तपशील मागवून, नाव तपासून, थेट तिथेच रक्कम भरली.

भरपाई

सोमवारी दुपारी बाराच्या सुमारास ८५,००० रुपये भाचीच्या खात्यात परत आले. परतीच्या नोंदीत मूळ यूटीआर होता, त्यावरून जुळवता आलं. पैसे परत आले तरी प्रकरण संपलं नव्हतं. ते शुक्रवारी रात्री नऊच्या आत परत यायला हवे होते, आले तीन दिवसांनी.

नियम असा की घेणाऱ्या बँकेने दोन तासांत जमाही केले नाहीत आणि परतही पाठवले नाहीत, तर उशिराच्या काळासाठी रेपो दर अधिक २ टक्के या दराने व्याज द्यावं लागतं. रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना थोड्या मुदतीचं कर्ज देते तो. तो बदलत असतो. उदाहरणासाठी साडेपाच टक्के धरला तर भरपाईचा दर साडेसात टक्के होतो. ८५,००० रुपयांवर साडेसात टक्क्यांनी वर्षाचे ६,३७५ रुपये, एका दिवसाचे साधारण साडेसतरा, तीन दिवसांचे ५२ रुपये. रक्कम लहान आहे. पण घर खरेदीचे १२ लाख अडकले असते तर तेच तीन दिवस ७४० रुपयांच्या आसपास गेले असते, आणि बँकेच्या दप्तरात उशिराची नोंद झाली की त्या न जुळलेल्या यादीकडे कोणाचं तरी लक्ष जातं. ही भरपाई ग्राहकाने मागण्याची वाट न बघता द्यायची असते. माझा अनुभव असा की मागितल्याशिवाय ती क्वचितच येते, म्हणून अर्जात ते वाक्य घातलं होतं. चूक आपल्या क्रमांकात होती म्हणून हक्क जात नाही. भरपाई पैसे ठेवून घेतल्याची आहे.

आरटीजीएस असेल तर

आरटीजीएस दोन लाख आणि त्यावरच्या रकमांसाठी. त्यात बॅच नसते, प्रत्येक व्यवहार एकेकटा आणि लगेच मिटतो. म्हणून घड्याळही कडक आहे. संदेश मिळाल्यापासून अर्ध्या तासात जमा व्हायला हवं. जमा करता येत नसेल तर एका तासात, किंवा त्या दिवसाचं आरटीजीएसचं काम संपण्याआधी, जे आधी येईल तेव्हा परत. उशिराची भरपाई वरच्याच दराने. विचारायची पद्धतही तीच, फक्त बॅचच्या प्रश्नाऐवजी "व्यवहार किती वाजता मिटला" हे विचारा. दोन तास उलटूनही पैसे ना इकडे ना तिकडे असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, रक्कम मोठी असते. जागेच्या व्यवहारात नोंदणीच्या दिवशी असं झालं तर यूटीआर आणि पाठवणाऱ्या बँकेचं लेखी उत्तर समोरच्या पक्षाला दाखवता येतं. ॲपचा स्क्रीनशॉट मात्र पुरावा म्हणून कोणी धरू नये, देणाऱ्यानेही आणि घेणाऱ्यानेही. व्यापारी माणसाने तर स्क्रीनशॉटवर माल सोडूच नये. तो खोटा बनवता येतो, आणि घेणाऱ्या बँकेत त्या यूटीआरचा इनवर्ड नसेल तर तो खोटा आहे की उशीर झालाय हे पाठवणाऱ्याची बँकच सांगू शकते.

बँक उत्तरच देत नसेल तर

शाखा, मग बँकेचा तक्रार निवारण अधिकारी, हा क्रम पाळा, दोन्ही ठिकाणी लेखी. तक्रार देऊन ३० दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा उत्तर आलं पण पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. `cms.rbi.org.in` या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, शुल्क नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे. तिथे बँकेला दिलेल्या तक्रारीची प्रत मागतात, शिक्का मारलेली दुसरी प्रत जपायची ती यासाठी. खातं बँकेत नसून पतसंस्थेत असेल तर मात्र लोकपाल ती तक्रार घेणार नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या देखरेखीखाली असते, आणि तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक कार्यालयात द्यावी लागते.

या सगळ्या धावपळीत माणूस अगतिक झालेला असतो, आणि लुबाडणारे नेमके तेव्हाच भेटतात. बँकेचा फोन नंबर इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका. पासबुकावरचा, कार्डामागचा किंवा बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा घ्या. यूटीआर, रक्कम, तारीख सांगायला हरकत नाही, त्यावरून कोणी पैसे काढू शकत नाही. अडकलेले पैसे सोडवायला ओटीपी, पिन किंवा मोबाईलचा पडदा दाखवणारं ॲप कधीही लागत नाही. ते मागणारा माणूस बँकेचा नाही.

भाचीने मंगळवारी जुना लाभार्थी काढून टाकला आणि दाजींच्या नव्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवला. नवा क्रमांक टाकल्यावर पडद्यावर दाजींचं पूर्ण नाव आलं. आधी शंभर रुपये पाठवले, पोचेचा एसएमएस आला, मग बाकीचे. बावन्न रुपयांची भरपाई त्यानंतर आठवड्याभराने तिच्या खात्यात जमा झाली.